कपाटाच्या फोटोखाली काय लिहायचे?

आपल्या बऱ्याच गटांमध्ये सुतारकाम करणाऱ्या घरच्या बायका आहेत. रंधा आणि करवत दादांच्या हातात असते, पण फोन असतो वहिनींच्या हातात. गिऱ्हाइकाचा फोन उचलायचा, फोटो पाठवायचे, पैसे आले का बघायचे, ही सगळी कामे त्याच करतात. म्हणून आजच्या भागात आपण एकाच गोष्टीबद्दल बोलू. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला किंवा गावाच्या ग्रुपवर कपाटाचा फोटो टाकला, तर त्याखाली काय लिहायचे?

आपल्याकडे फोटोखाली बहुतेक वेळा असे लिहिलेले असते: "सर्व प्रकारचे फर्निचर योग्य दरात बनवून मिळेल. संपर्क करा." यात चूक काहीच नाही, पण वाचणाऱ्याला काही कळतही नाही. योग्य दर म्हणजे किती, किती दिवसांत मिळणार, आधी पैसे द्यायचे का, माप कोण घेणार, हे सगळे त्याला फोन करून विचारावे लागते. दिवसात वीस फोन येतात आणि त्यातले अठरा "कपाट कितीला?" एवढेच विचारून बंद होतात. जे दोघे खरे गिऱ्हाईक असतात, त्यांच्याशीही बोलणे तोंडी राहते आणि नंतर "तुम्ही असे म्हणाला होता", "नाही, आम्ही तसे म्हणालो नव्हतो" सुरू होते.

दुकानातले तयार कपाट माणूस बघून घेतो. मापाने बनवायचे कपाट मात्र पैसे देताना कुठेच नसते. ते फक्त बोलण्यात असते. म्हणून त्या मजकुरात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: फोटोत काय आहे, माप कसे घेणार, पैसे केव्हा द्यायचे आणि काम किती दिवसांत होणार. एक एक करून बघू. उदाहरणाला सगळीकडे एकच कपाट घेऊ. ६ फूट रुंद, ७ फूट उंच, २ फूट खोल, चार दारांचे, प्लायवुडचे, वर सनमायका लावलेले. यातले दर आम्ही समजण्यासाठी धरले आहेत. तुमच्या बाजारात ते कमीजास्त असतील, तेव्हा तुमचे आकडे घालून हाच हिशोब करा.

फोटो आपल्याच कामाचा

पहिली गोष्ट, फोटो आपल्या हातच्या कामाचाच हवा. इंटरनेटवरचा सुंदर फोटो टाकला की गिऱ्हाईक नेमके तेच मागते. त्या फोटोतली दारे मोठ्या कारखान्यात यंत्रावर दाबून केलेली असतात. आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये तसा पृष्ठभाग येत नाही आणि मग चांगले केलेले कामही "फोटोसारखे नाही" म्हणून नापसंत होते.

एका कपाटाचे तीन फोटो पुरतात. एक दारे बंद असताना, एक दारे उघडून, आणि एक जवळून, ज्यात कडेची पट्टी आणि बिजागरी दिसेल. ओळखीचे लोक पहिला फोटो बघून छान म्हणतात, पण ज्याला खरोखर कपाट करून घ्यायचे आहे तो तिसरा फोटो मोठा करून बघतो. फोटो दिवसा काढा. खिडकी किंवा दार तुमच्या पाठीमागे असू द्या. खिडकी कपाटामागे आली तर कपाट काळे दिसते आणि फोनचा दिवा लावला तर सनमायकावर पांढरा डाग उमटतो.

गिऱ्हाइकाच्या घरात फोटो काढायचा तर आधी विचारा, "ताई, कपाटाचा फोटो आमच्या स्टेटसला लावला तर चालेल ना?" कपाट उघडे असेल तर आतल्या साड्या, डबे, कागदपत्रे दिसणार नाहीत एवढे बघा. सगळ्यात बरे म्हणजे, कपाट बसवले की सामान भरायच्या आधीच फोटो काढून घ्यायचा.

आणि फोटोखाली माप आणि माल लिहायचाच. नुसते "प्लायवुड" लिहून भागत नाही, कारण प्लायवुडमध्ये साधा आणि पाण्याला टिकणारा असे प्रकार आहेत आणि जाडीही वेगवेगळी असते. "१८ मिलिमीटर प्लायवुड, आतून-बाहेरून सनमायका" असे लिहिले की गिऱ्हाइकाला दुसऱ्या सुताराच्या दराशी नीट तुलना करता येते. नाहीतर समोरचा पार्टिकल बोर्डाचा, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळीचा दर सांगतो आणि आपण उगाच महाग ठरतो. रंगाबद्दलही एक ओळ हवी. फोनवर रंग थोडा वेगळा दिसतो, म्हणून "रंग नमुन्याच्या पुस्तकातून निवडायचा" असे लिहून टाकावे.

मापाची भेट कशासाठी?

गिऱ्हाईक फोनवर सांगते, "भिंत सहा फुटाची आहे, करून आणा." या मापावर कधीच काम सुरू करू नये. आपल्या घरांच्या भिंती सरळ दिसतात, पण ओळंबा लावला की खरे कळते. एकच भिंत खाली ६ फूट १ इंच, मध्ये ६ फूट आणि वर ५ फूट ११ इंच भरू शकते. म्हणून रुंदी तीन ठिकाणी मोजतात आणि सगळ्यात लहान माप धरतात. त्यातूनही थोडी जागा सोडतात आणि ती फट नंतर पट्टीने झाकतात. कोपरा काटकोनात आहे का ते गुण्या लावून बघतात. लाइटचा बोर्ड कपाटामागे जातो का, खिडकीची झडप कपाटाच्या दारावर आपटते का, भिंतीला ओल आहे का, हे सगळे प्रत्यक्ष गेल्यावरच दिसते.

उंचीची एक गंमत सांगतो, ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. खोलीत माळा आहे आणि माळ्याखाली ७ फूट २ इंच उंची आहे. कपाट ७ फुटाचे. मग दोन इंच शिल्लक, कपाट बसणारच, असे वाटते. पण आडवे आणलेले कपाट उभे करताना त्याचा कोपरा आधी वर जातो. ७ फूट उंच आणि २ फूट खोल कपाटाचे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे तिरपे माप जवळजवळ ७ फूट साडेतीन इंच होते. म्हणजे कपाट माळ्याला अडणार आणि उभेच राहणार नाही. यावर उपाय सोपा आहे. खालचा चार इंचाचा पाया वेगळा करायचा आणि वरचा खोका ६ फूट ८ इंचाचा ठेवायचा. त्या खोक्याचे तिरपे माप ७ फुटाच्या आत राहते, तो आरामात उभा राहतो आणि मग उचलून पायावर ठेवता येतो. पण हे कापायच्या आधी समजले तरच उपयोग. कपाट तयार झाल्यावर समजले, तर ते अंगणातच कापावे लागते.

म्हणून मापाची भेट हे कामच आहे आणि त्यात सुताराचा अर्धा दिवस आणि पेट्रोल जाते. भेटीचे पैसे घ्यायचे की नाही, याचा संकोच बऱ्याच वहिनींना वाटतो. आम्हाला बरी वाटलेली रीत अशी: भेटीचे २०० रुपये घ्यायचे आणि ऑर्डर पक्की झाली की बिलातून वजा करायचे. ज्याला खरोखर काम करून घ्यायचे आहे त्याचे काही जात नाही, आणि नुसता अंदाज काढणारे कमी होतात. जवळच्या गावात फुकट जात असाल तर तसे लिहा. पण काहीतरी लिहा, कारण न लिहिलेले पैसे दारात मागितले की माणूस नाराज होतो.

भेटीत घेतलेली मापे वहीत लिहायची, साधे चित्र काढायचे आणि त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्यायची. त्या पानाचा फोटो त्यांनाही पाठवायचा. सुतार सुतात मोजतो, म्हणजे इंचाचा आठवा भाग. गिऱ्हाईक इंचात बोलते. दोघांनी एकाच पानाकडे बघितले की गोंधळ राहत नाही.

ॲडव्हान्सचा आकडा कुठून येतो?

"निम्मे आधी द्या" असे सगळेच म्हणतात. पण निम्मेच का, असे गिऱ्हाइकाने विचारले तर उत्तर हवे. आपल्या कपाटाचा हिशोब करू.

समोरचे माप ६ गुणिले ७, म्हणजे ४२ चौरस फूट. दर १,२०० रुपये चौरस फूट धरला तर एकूण ५०,४०० रुपये. याला १८ मिलिमीटरचे आठ बाय चार फुटी सहा प्लाय लागतात आणि मागच्या बाजूला पातळ प्लायचे दोन. ते मिळून १६,००० रुपये धरू. फेविकॉल, खिळे, स्क्रू, कडेच्या पट्ट्या १,५०० रुपये. सनमायका ७,००० आणि बिजागऱ्या, हँडल, कुलूप, ड्रॉवरचे चॅनेल ४,०००. म्हणजे नुसता माल २८,५०० रुपयांचा झाला. मजुरी, टेम्पो आणि घरात राहणारे पैसे उरलेल्या रकमेतून.

आता बघा, माल निम्म्यापेक्षा जास्तच होतो. पण तो सगळा पहिल्या दिवशी लागत नाही. आधी प्लाय आणि फेविकॉल लागते, ते १७,५०० रुपयांचे. सांगाडा उभा राहिल्यावर सनमायका आणि बिजागऱ्या लागतात, ते ११,००० रुपयांचे. म्हणून हप्ते असे पाडता येतात. माप पक्के झाल्यावर २५,००० रुपये. त्यातून पहिला माल येतो आणि सुरुवातीच्या दिवसांची मजुरी निघते. सांगाडा तयार झाला की त्याचा फोटो पाठवून १५,०००. आणि घरात बसवून, दारे उघडझाप करून दाखवल्यावर उरलेले १०,४००, त्यातून भेटीचे २०० वजा, म्हणजे १०,२०० रुपये.

ही रीत दोघांनाही सुरक्षित वाटते. सुताराला आपल्या खिशातले पैसे मालात घालावे लागत नाहीत. गिऱ्हाइकाच्या हातातही शेवटपर्यंत काही रक्कम राहते, त्यामुळे काम अर्धवट सुटत नाही.

ॲडव्हान्स न घेतल्याने काय होते, ते आमच्याच भागातल्या एका घरी घडले. ओळखीचे गिऱ्हाईक होते. "पैसे कुठे पळून जातात?" म्हणाले. वहिनींनी गटातून २०,००० रुपये कर्ज उचलून प्लाय आणला. दादांनी त्यांच्या भिंतीच्या मापाने तो कापलाही. मग त्या घरात वाटणी झाली आणि कपाट नको असा निरोप आला. कापलेला प्लाय दुकानदार परत घेत नाही आणि एका भिंतीसाठी कापलेल्या फळ्या दुसऱ्या भिंतीला क्वचितच जुळतात. गटाचा हप्ता मात्र दर महिन्याला द्यावाच लागला. पुढे त्या फळ्यांची लहान कपाटे झाली, पण त्याला आठ महिने गेले.

म्हणून मजकुरात हेही लिहायचे की माल कापण्याआधी ऑर्डर रद्द केली तर पैसे परत मिळतील, आणि कापल्यानंतर रद्द केली तर मालाचे पैसे वजा होतील. हे आधीच लिहिलेले असले तर कोणी वाईट मानत नाही.

प्रत्येक हप्त्याची पावती द्या. ५,००० रुपयांच्या वर रक्कम असेल तर पावतीवर १ रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावून सही करतात. पैसे फोनवर आले तरी वहीत तारीख घालून नोंद ठेवा.

इथे एक सावधगिरी. फोनवर अनोळखी माणूस म्हणतो, "मी सैन्यात आहे, दहा टेबले हवीत, ॲडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करा." माप विचारत नाही, दरही कमी करत नाही. मैत्रिणींनो, पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. चुकून असे झाले तर लगेच १९३० या नंबरवर तक्रार करा आणि बँकेलाही कळवा. ज्याला खरोखर कपाट हवे आहे, तो मापाच्या भेटीला नाही म्हणत नाही. तेव्हा "आधी भेट, मग ॲडव्हान्स" हा नियम आपल्यालाही वाचवतो.

दिवस कधीपासून मोजायचे?

सगळ्यात जास्त भांडणे मुदतीवरून होतात, कारण दोघे वेगवेगळ्या दिवसापासून मोजतात. गिऱ्हाईक पहिल्या फोनपासून मोजते आणि सुतार माल आल्यापासून. म्हणून नुसते "१५ दिवसांत" लिहू नका. "माप पक्के होऊन ॲडव्हान्स मिळाल्यापासून" हे शब्द त्याच्या आधी हवेतच.

आपल्या कपाटाला प्रत्यक्ष काम किती? माल आणायला दोन दिवस, सांगाड्याला चार, दारे आणि सनमायकाला तीन, बिजागऱ्या आणि ड्रॉवरला एक, नेऊन बसवायला एक. म्हणजे अकरा दिवस. पण फोटोखाली अकरा लिहिले तर फसलोच. हातात आधीचे एखादे काम असते, दुपारी वीज जाते, हवा तो रंग तालुक्याच्या दुकानात नसतो आणि दोन दिवसांनी येतो. म्हणून अकराचे वीस लिहायचे. अठराव्या दिवशी कपाट पोचले तर गिऱ्हाईक खूश होते. अकरा लिहून अठराव्या दिवशी पोचले तर तेच गिऱ्हाईक गावभर सांगते.

मुदत वर्षभर एकच ठेवू नका. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते आणि रुखवताच्या ऑर्डरी एकदम येतात. हातात तीन कामे असतील तर मजकुरातला वीस खोडून पस्तीस करा. लग्नाची ऑर्डर असेल तर तारीख आधी विचारा आणि जमणार नसेल तर ॲडव्हान्स घेऊच नका. पावसाळ्यातही दिवस वाढवा. दमट हवेत पॉलिश लवकर वाळत नाही आणि घाई केली तर त्यावर पांढुरकी झाक येते. भरीव लाकूड ओल धरून फुगते, मग ड्रॉवर अडकतात.

आणखी एक ओळ: माप किंवा रंग गिऱ्हाइकाने मध्येच बदलला तर दिवस त्या तारखेपासून पुन्हा मोजले जातील.

आता सगळे एकत्र

हे सगळे जोडून मजकूर असा होतो. आम्ही सावकाश वाचतो, हवे तर लिहून घ्या.

"बेडरूमचे कपाट, तुमच्या भिंतीच्या मापाने. चौरस फुटाला १,२०० रुपये, बसवून.

फोटोतले कपाट आम्हीच केलेले: ६ फूट रुंद, ७ फूट उंच, २ फूट खोल. १८ मिलिमीटर प्लायवुड, आतून-बाहेरून सनमायका, ४ दारे. रंग नमुन्याच्या पुस्तकातून निवडा.

माप: आम्ही घरी येऊन घेतो. २५ किलोमीटरपर्यंत भेटीचे २०० रुपये, ऑर्डर दिल्यास बिलातून वजा.

पैसे: माप पक्के झाल्यावर निम्मे, सांगाडा तयार झाल्यावर ३० टक्के, बाकी बसवल्यावर. प्रत्येक वेळी पावती. माल कापण्याआधी रद्द केल्यास पैसे परत, कापल्यावर मालाचे पैसे वजा.

मुदत: माप पक्के होऊन ॲडव्हान्स मिळाल्यापासून २० दिवस. मध्ये बदल केल्यास दिवस पुन्हा मोजले जातील.

फोन: सकाळी ९ ते संध्याकाळी ७."

खाली आपला नंबर आणि गाव. बघा, पहिल्याच ओळीत वस्तू आणि दर आला. हे मुद्दाम केले आहे, कारण फोनवर मोठा मजकूर पूर्ण दिसत नाही, पहिल्या दोन ओळी दिसतात आणि पुढचे उघडावे लागते. स्टेटस २४ तासांत निघून जाते, म्हणून हा मजकूर फोनमध्ये जपून ठेवा. कोणी दर विचारला की तोच पाठवायचा. दिवाणाचा किंवा देव्हाऱ्याचा फोटो असेल तर वस्तू, माप, माल, दर आणि दिवस बदलायचे, बाकी सांगाडा तोच.

काय धरलेले नाही तेही फोनवर सांगून टाका. भिंत फोडणे, लाइटचा बोर्ड हलवणे, रंग देणे ही सुताराची कामे नाहीत. माल तेवढ्यात महागला तर काय, असे कोणी विचारले तर सांगायचे की ॲडव्हान्स घेतल्यावर दर बदलत नाही. म्हणूनच ॲडव्हान्स आला की दोन दिवसांत माल आणून टाकायचा.

ज्या मैत्रिणींच्या घरी सुतारकाम नाही, त्यांनाही हे उपयोगी आहे. उद्या गटाच्या मसाल्याच्या कामासाठी मोठे टेबल करायचे झाले, तर याच चार गोष्टी सुतारदादांना विचारा: फोटो तुमच्याच कामाचा आहे का, माप घ्यायला कधी येता, पैसे कोणकोणत्या टप्प्यावर द्यायचे आणि दिवस केव्हापासून मोजायचे. उत्तरे गटाच्या वहीत लिहा, त्याखाली दोन्हीकडच्या सह्या घ्या, आणि मगच गटाच्या खात्यातून पहिला हप्ता काढा.